सन १३४२, पण कुठला?

मराठवाड्यातल्या बहुतेक मुस्लिम घरांत एखादी पत्र्याची पेटी असते आणि तिच्या तळाशी उर्दू कागद असतात. घरातल्या दोन पिढ्यांना ते वाचता येत नाहीत. उर्दू शाळेतून मराठीत आलो, मराठीतून इंग्रजीत गेलो, आणि आजोबांचा दाखला आपल्याच घरात परका झाला. अलीकडे निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. तेव्हापासून माझ्याकडेही मोबाईलवर काढलेले फोटो येऊ लागले. मुसलमानांचे येतात, मराठ्यांचे येतात, लिंगायतांचे येतात. कुणाला नाव हवं असतं, कुणाला जात, कुणाला सर्व्हे नंबर. मजकूर वाचायला मला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो तो तारखेत.

कारण आकडा वाचता आला म्हणजे तारीख कळली असं नसतं. १३४२ हा आकडा मला वाचता येतो. पण हे १३४२ वर्षं कुठून मोजलेली आहेत, हे कागदाने सांगितल्याशिवाय किंवा मी ताडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. यावरून आमच्याच नात्यातल्या एका घरात काय घडलं, ते इथे लिहितो.

माझ्या खालांच्या मुलाने परभणीकडून दोन फोटो पाठवले. एक त्याच्या दादांच्या प्राथमिक शाळेतल्या दाखल-रजिस्टरचा उतारा. दुसरा एक बैनामा, म्हणजे जमीन विकल्याचा कागद, ज्यावर दादांचा अंगठा नव्हे तर उर्दूत सही आहे. सोबत एक टाइप केलेला मराठी अनुवादही होता, कुठल्याशा टायपिंगच्या दुकानातून पैसे देऊन करून घेतलेला. त्यात दादांची जन्मतारीख ‘१५ जून १९२४’ अशी लिहिली होती. कंसात काही नाही, खाली टीप नाही.

त्या घरात दादांबद्दल एक गोष्ट कायम सांगितली जायची. घरची वीस-बावीस एकर काळी जमीन दादांनी जवानीत विकली, चांगले कर्ते पुरुष असताना विकली, आणि म्हणून पुढच्या सगळ्यांना मजुरी करावी लागली. दादा हयात होते तेव्हाही हे त्यांच्या तोंडावर बोललं जायचं. ते काही बोलत नसत. अनुवादातली तारीख या गोष्टीला पुरावा देत होती. जन्म १९२४ चा आणि विक्री १९४८ ची, म्हणजे चोवीस वर्षांचा माणूस. आता घरात वाटणीची बोलणी चालू होती आणि जुन्या गोष्टी पुन्हा निघाल्या होत्या. खालेरा भाऊ म्हणाला, “एकदा तू बघ. दादांनी विकली असेल तर विकली. पण नक्की काय लिहिलंय ते कळू दे.”

मी आधी बैनामा घेतला, कारण त्याच्यावर तारीख चांगली होती. निजामकाळातले लिहिणारे पुष्कळदा दोन तारखा घालत आणि मध्ये ‘मुताबिक’ लिहीत. या कागदावर होतं, ‘२३ जीकाद १३६७, मुताबिक २२ आबान १३५७, रोज दोशंबा’. पहिल्या सनाच्या शेवटी दोनचष्मी हे होती आणि दुसऱ्याच्या शेवटी फे. उर्दू कागदावर सनापुढचं हे एक अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. हे म्हणजे हिजरी, फे म्हणजे फसली, आणि हमज्यासारखी छोटी खूण असेल तर ईसवी. अक्षर लहान असतं, कडेला असतं, आणि फोटोत सगळ्यात आधी तेच कापलं जातं.

आता एकाच दिवसाला एक सन १३६७ म्हणतो आणि दुसरा १३५७. नवख्या माणसाला वाटेल की लिहिणाऱ्याचा हात चुकला, दहाचा फरक पडला. हात चुकलेला नाही. फसली सन हा पिकाचा, महसुलाचा सन. हिजरी वर्ष चंद्राचं, ते सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे मोहरम कधी पावसाळ्यात येतो, कधी उन्हाळ्यात, आणि शेतकऱ्याकडून सारा वसूल करायला असा सरकता सन चालत नाही. म्हणून दख्खनेत शाहजहानच्या काळात, १६३६ मध्ये, त्या वेळचं हिजरी साल १०४६ हेच फसली साल धरलं आणि पुढे ते सूर्याप्रमाणे मोजायला सुरुवात केली. त्या दिवशी दोन्ही सन एकच होते. मग हिजरी दरवर्षी अकरा दिवसांनी पुढे पळत राहिला. तीनशे अकरा वर्षांनी, १९४७-४८ मध्ये, तो बरोबर दहा वर्षं पुढे गेला होता. म्हणजे कागदावरचा दहाचा फरक ही चूक नसून कागद त्या काळातला असल्याची खूण आहे.

हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असे आणि त्याच्या महिन्यांना इराणी नावं होती. आजर, दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी, अर्दीबिहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. आजर पहिला, आबान शेवटचा. इसवी सन काढायला सोपा हिशेब आहे. आजर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांत फसली सालात ५९० मिळवायचे, कारण ते ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. इस्फंदारपासून पुढे ५९१ मिळवायचे, कारण तोवर जानेवारी लागलेला असतो. बहमनचे शेवटचे दोन-तीन दिवस तेवढे जपून पाहायचे. हा हिशेब ताडायला एक पक्की जागा आहे. हैदराबादचा जहागिरी बरखास्तीचा कायदा १३५८ फसलीचा आणि तो लागू झाला १५ ऑगस्ट १९४९ ला. १३५८ मध्ये ५९१ मिळवा, १९४९ येतात.

या हिशेबाने आबान १३५७ म्हणजे १९४८ चा सप्टेंबर. आबान शेवटचा महिना, तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो, म्हणून २२ आबान सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात पडतो. आता दुसरी तारीख लावून बघितली. २३ जीकाद १३६७ हिजरी गणिताने २७ सप्टेंबर १९४८ ला येते. हिजरीच्या गणितात चांद दिसण्यावरून एक दिवस इकडेतिकडे होतो, ते आपल्याला दर ईदला माहीत आहेच. तो एक दिवस वाराने पक्का होतो. दोशंबा म्हणजे सोमवार, आणि २७ सप्टेंबर १९४८ ला सोमवार होता. दोन सन आणि एक वार, तिघांची साक्ष जुळली. त्यामुळे इथे मी निर्धास्तपणे इसवी तारीख दिली.

ही तारीख वाचून मी थोडा वेळ थांबलो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. हा कागद त्यानंतर दहा दिवसांनी लिहिलेला आहे. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुस्लिम वस्त्यांवर काय गुजरलं ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आलेलं आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरांतही ते दबक्या आवाजात सांगितलं गेलं आहे. पण कागदात त्याबद्दल एक शब्द नाही. कागदात एवढंच आहे की विकणारा ‘आकिल व बालिग’ आहे आणि राजीखुशीने विकतो आहे. हे शब्द बैनाम्यात ठरलेलेच असतात. लिहिणारा विचारत नाही, लिहून टाकतो.

मग शाळेचा उतारा. त्यात जन्मतारखेच्या रकान्यात ‘१५ खुरदाद १३४२’ एवढंच होतं. सनापुढचं अक्षर जिथे असायला हवं नेमकी तिथेच कागदाची घडी, आणि घडीवर मोबाईलची सावली. टायपिंगच्या दुकानातल्या माणसाने उर्दू कागद म्हणून हिजरी सन धरला, त्यावरून १९२४ काढलं, आणि खुरदादला जून करून टाकलं. जून का, तर आजच्या इराणच्या कॅलेंडरात खुरदादचा शेवटचा मोठा भाग जूनमध्ये येतो. म्हणजे सन एका पंचांगातला घेतला आणि महिना दुसऱ्यातला. दोन्ही पंचांगं कागदाची नव्हती.

हिजरी का नाही, हे महिन्याच्या नावावरूनच कळतं. मोहरम ते जिलहिज या बारा महिन्यांत खुरदाद नावाचा महिना नाही. महिना इराणी असेल तर सन हिजरी चांद्र असू शकत नाही.

मग इराणी का नाही? हा धोका आता जास्त वाढला आहे, कारण इंटरनेटवर तारीख बदलून देणारी पानं आहेत आणि त्यांत हैदराबादची फसली बहुधा नसते, इराणचं शम्सी कॅलेंडर मात्र असतं. महिन्यांची नावं जवळपास तीच. तिथे १५ खुरदाद १३४२ टाकलं तर उत्तर येतं ५ जून १९६३. तारीख खरी आहे, इराणच्या इतिहासात ती प्रसिद्धही आहे, त्या दिवशी आयतुल्ला खोमेनींच्या अटकेवरून तिथे मोठा उठाव झाला. पण आमच्या दादांचा तिच्याशी काय संबंध? १९४८ मध्ये जमीन विकणारा माणूस १९६३ मध्ये जन्मणार कसा? इथे चूक एवढी मोठी असते की लगेच दिसते. हिजरीची चूक दिसत नाही. ती नऊ-दहा वर्षांची असते, आणि नऊ-दहा वर्षांनी माणूस मोठा झाला तर कुणाला खटकत नाही. म्हणून तीच जास्त घातक.

फसली धरायला माझ्याकडे महिन्याच्या नावाशिवाय आणखी दोन आधार होते. उताऱ्याच्या डोक्यावर छापलेलं ‘सरकारे आली’, म्हणजे कागद निजाम सरकारच्या शाळेचा. आणि त्याच पानावर दादांच्या वर-खाली नोंदलेल्या मुलांच्या दाखल तारखा, ज्यांच्यापैकी तिघांच्या सनापुढे फे स्पष्ट दिसत होती. तरीही मी खालेऱ्या भावाला कागदाचा पुन्हा फोटो काढायला सांगितलं. कागद उजेडात सपाट ठेव, घडीवर काच ठेव, चारही कडा फोटोत येऊ देत, आणि मागची बाजूही काढ. दुसऱ्या फोटोत घडीच्या आत फेचा गोल आणि त्यावरचा नुक्ता निम्मा दिसला. आकडेही पुन्हा तपासले, कारण उर्दूत दोन आणि तीन यांत एकाच दात्याचा फरक असतो आणि शाई उडाली की तीनाचे दोन होतात. इथे दोनच होते.

आता गंमत बघा. दादांचं वय काढायला इसवी सनात यायची गरजच नव्हती. जन्म १५ खुरदाद १३४२ फसली, सही २२ आबान १३५७ फसली. दोन्ही एकाच सनातले. १३५७ मधून १३४२ गेले, उरले १५. खुरदाद सातवा महिना, आबान बारावा. पंधरा वर्षं पाच महिने. हा हिशेब दादांच्या मास्तरांनी पाटीवर केला असता. चूक झाली ती एक तारीख एका सनातली आणि दुसरी दुसऱ्या सनातली धरून मग दोघांना इसवीत आणल्यामुळे.

इसवी तारीख मात्र दाखल्यासाठी हवी होती. खुरदाद हैदराबादच्या फसलीत एप्रिलच्या सुरुवातीला लागतो, इराणसारखा मेच्या शेवटी नाही. १३४२ मध्ये ५९१ मिळवले की १९३३. पंधरावा दिवस म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. इथे जुळवायला हिजरी तारीख नव्हती, वारही नव्हता. त्या सालची छापील जंत्री हाताशी असेल तर नेमका दिवस सांगता येतो, माझ्याजवळ त्या सालची नव्हती. म्हणून मी दिवस लिहिला नाही. १८ एप्रिल की २० एप्रिल हे अंदाजाने लिहायचं आणि पुढे तेच शपथपत्रात पक्कं होऊन बसायचं, हे अनुवादकाचं काम नव्हे.

अनुवादात मी मूळ तारीख बदलत नाही. मजकुरात ‘१५ खुरदाद १३४२’ असंच ठेवतो आणि शेजारी चौकोनी कंसात टीप देतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की कंसातलं माझं आहे, कागदाचं नाही. या उताऱ्याखाली मी असं लिहिलं:

[अनुवादकाची टीप : मूळ तारीख हैदराबाद संस्थानच्या फसली सनातील आहे (वर्षारंभ १ आजर, सुमारे ६ ऑक्टोबर). सनापुढील ‘फे’ हे अक्षर घडीमुळे अर्धवट दिसते; सन फसली असल्याचे महिन्याच्या नावावरून व त्याच पानावरील इतर नोंदींवरून ठरवले आहे. इसवी सनानुसार : एप्रिल १९३३, तिसरा आठवडा. नेमका दिवस निश्चित केलेला नाही. अनुवाद छायाचित्रावरून केला आहे, मूळ कागद पाहिलेला नाही.]

‘फसली’ एवढं लिहूनही भागत नाही, ‘हैदराबादची’ हे सांगावं लागतं. उत्तर प्रदेशात खतौनीवर आजही फसली साल असतं, पण ती फसली वेगळी. तिथे वर्ष १ जुलैला लागतं आणि इसवीसाठी ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात. त्या हिशेबाने १३४२ म्हणजे १९३४-३५. नाव एकच, वर्ष दुसरं. टिपेत सनाचं पूर्ण नाव असलं की माझा हिशेब चुकला तरी पुढचा माणूस तो पुन्हा करू शकतो. नाव नसेल तर माझी चूक कुणालाच सापडणार नाही, जशी ‘१५ जून १९२४’ मधली सापडत नव्हती.

मी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. खालेऱ्या भावाच्या फुफी, म्हणजे दादांची मुलगी, तिथेच बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे आमचे अब्बा तेव्हा दहावीतल्या पोराएवढे होते?”

मी हो म्हणालो, पण पूर्ण हो म्हणता येत नव्हतं, आणि तेही त्यांना सांगितलं. शाळेतल्या जन्मतारखा त्या काळी मास्तर पुष्कळदा अंदाजाने टाकत. पोराला घेऊन आलेला बाप म्हणे, गेल्या सुगीच्या आधी दोन वर्षं, आणि मास्तर लिहून टाकत. तेव्हा १५ खुरदाद ही दादांची खरी जन्मतारीख आहे, हे कागद सिद्ध करत नाही. कागद एवढंच सांगतो की शाळेत त्यांची ती तारीख नोंदली होती. त्यात एक-दोन वर्षांची चूक असू शकते. पण शाळेत दाखल होताना मास्तरांसमोर उभ्या असलेल्या पोराच्या वयात नऊ वर्षांची चूक होत नाही.

कायद्याने आता यातून काही निघतं का, हे मी सांगू शकत नाही, ते वकिलाला विचारा असं म्हणालो. सत्तरहून जास्त वर्षं झाली, जमीन किती हातांतून गेली असेल. आणि पोलीस ॲक्शननंतर दहा दिवसांनी त्या पंधरा वर्षांच्या मुलाला कागदापुढे कुणी बसवलं, पैसे कुणाच्या हातात गेले, घरातले मोठे पुरुष तेव्हा कुठे होते, यातलं काहीही बैनाम्यात नाही. ते मी टिपेतही लिहू शकत नाही. माझं काम सनाचं नाव लिहिण्यापर्यंत.

फुफी पुढे काही बोलल्या नाहीत. नंतर खालेऱ्या भावाने सांगितलं की त्यांनी जुना टाइप केलेला कागद मागून घेतला आणि चुलीत घातला. मी त्याला म्हटलं, तो ठेवायला हवा होता, चुकीचा अनुवादही पुढे कामाला येतो. त्यावर तो म्हणाला, “भाई, त्यांना तो चोवीस वर्षांचा माणूस घरात नको होता.”